ग्रीलची नक्षी फरशीवर, मग मच्छर जाळीची का नाही?

पावसाळ्याच्या उघडिपीत घोटीतल्या एखाद्या पूर्वेच्या खिडकीतून ऊन आत आलं, की ग्रीलच्या गजांची नक्षी फरशीवर उमटते. त्याच खिडकीला मच्छर जाळीही असते. तिची एकही रेघ मात्र फरशीवर दिसत नाही. असं का?

कारण सूर्यात आहे

सूर्य हा प्रकाशाचा ठिपका नाही, ती थाळी आहे. त्याचं आपल्यापासूनचं अंतर त्याच्या व्यासाच्या सुमारे १०७ पट आहे. म्हणून कोणत्याही गजाच्या किंवा तारेच्या सावलीचा पूर्ण काळा भाग तिच्या जाडीच्या साधारण १०७ पट अंतरापर्यंतच टिकतो. पुढे सावली फिकट आणि पसरट होत जाते.

ग्रीलचा गज १२ मिलिमीटर जाड धरा. त्याची गडद सावली सुमारे १.३ मीटरपर्यंत पोहोचते. म्हणून खिडकीजवळ रेघा ठळक, तर समोरच्या भिंतीवर त्या धूसर असतात. जाळीची तार मात्र साधारण ०.२८ मिलिमीटरची. तिची गडद सावली तीन सेंटिमीटरवरच संपते. दोन तारांमध्ये जेमतेम दीड मिलिमीटर अंतर असल्याने पंधरा-वीस सेंटिमीटरवर शेजारच्या सावल्या एकमेकींत मिसळतात आणि चौकटी पुसल्या जातात.

मग जाळीचं काय उरतं?

उरतो तो फक्त मंदपणा. अशी स्वच्छ जाळी समोरून येणाऱ्या प्रकाशापैकी जवळपास एक तृतीयांश अडवते. ऊन तिरपं असेल किंवा जाळीवर धूळ असेल, तर आणखी. म्हणून खिडकीचं चित्र काढताना फरशीवर जाळीच्या बारीक चौकटी काढल्या, तर ते खोटं वाटतं. ग्रीलच्या रेघा, लांब जाताना मऊ होणाऱ्या कडा आणि थोडं मंद ऊन, एवढंच खरं.

भोक कसं शोधाल?

हा फरक घरात उपयोगी पडतो. जाळी हातभर फाटली असेल, तर फरशीवरच्या उन्हात तेवढा भाग उजळ दिसतो. पण चार-पाच मिलिमीटरचं भोक फरशीवर कळत नाही, आणि डासाला तेवढं पुरतं. डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, त्यामुळे उघड्या खिडकीची जाळी दिवसाही धड हवी.

जाळीवर थेट ऊन असताना तिच्या आतल्या बाजूला एक सेंटिमीटरवर पांढरा कागद धरा आणि हळूहळू सरकवा. चौकटींची सावली कागदावर स्पष्ट उमटेल. जिथे चौकट तुटून उजळ ठिपका दिसेल तिथे भोक, जिथे काळा डाग दिसेल तिथे धूळ साचलेली. ऊन नसेल तर ही युक्ती चालत नाही, आणि चौकटीच्या कडेला सुटलेली जाळीही कागदावर कळत नाही. तिथे बोट फिरवूनच पाहावं लागतं.