शीर्षक नसलेला आकड्यांचा रकाना

४१०२०६
४०२१०७
४०२१०६
४०२१०९

अंदाज असा, की हे पिनकोड आहेत: पनवेल, पेण, नागोठणे, रोहा. प्रत्येक आकडा सहा अंकी आहे आणि कुठेच दशांश नाही. रकमा असत्या, तर त्या इतक्या एकसारख्या सहसा नसत्या. पिनकोडचे पहिले तीन अंक टपाल वर्गवारीचा जिल्हा सांगतात आणि शेवटचे तीन टपाल कार्यालय. ही वर्गवारी महसुली जिल्ह्याप्रमाणे चालत नाही. म्हणूनच पनवेल रायगडात असूनही ४१० ने सुरू होते.

सर्वात बोलका पुरावा क्रमाचा आहे. आकडे ना चढते, ना उतरते. पण पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर ही स्थानके याच क्रमाने लागतात. त्यामुळे ही प्रवासाच्या किंवा माल पोहोचवण्याच्या वाटेची यादी असावी, हा दुसरा अंदाज. तो पहिल्यापेक्षा कच्चा आहे, कारण चारच ओळींत असा क्रम योगायोगानेही जुळू शकतो.

खाली ४०२१०७.५० अशी एखादी ओळ सापडली, तर दोन्ही अंदाज सोडावे लागतील. पिनकोड खरे ठरले, तरी त्यांवरून नेमके गाव कळणार नाही. एका पिनकोडखाली अनेक गावे येतात.