चोवीस तासांची नाडी

कोरोनाच्या काळात घरोघरी ऑक्सिमीटर आले आणि त्यांच्याबरोबर एक दुसरा आकडाही घरात शिरला. ऑक्सिजनच्या आकड्याकडे सगळ्यांचं लक्ष असायचं, पण त्याच्या शेजारी नाडीचे ठोकेही दिसत. साथ ओसरली, ऑक्सिमीटर ड्रॉवरमध्ये गेले आणि त्यांची जागा मनगटावरच्या घड्याळांनी घेतली. ही घड्याळं रात्रभर मोजत राहतात. मग सकाळी चहा घेताना एखादा गृहस्थ मोबाइल उघडतो, पहाटे चार वाजता नाडी ४८ होती असं त्याला दिसतं आणि त्याचा चहा गार होतो. खरं तर त्या आकड्यात घाबरण्यासारखं बहुधा काहीच नसतं. त्याच गृहस्थाची नाडी पहाटे चारला ८८ असती, तर मात्र विचार करावा लागला असता.

शाळेत आपण ‘एका मिनिटाला ७२’ असं पाठ केलं. डॉक्टर विश्रांतीच्या नाडीसाठी ६० ते १०० ही मर्यादा धरतात. दोन्ही आकडे जाग्या, शांत बसलेल्या माणसाचे आहेत. चोवीस तासांत नाडी एका आकड्यावर कधीच थांबत नाही. ती रात्री खाली जाते, सकाळी चढते, दुपारी जराशी ढळते, संध्याकाळी पुन्हा वर येते.

हे का होतं ते कळायला हृदय स्वतःच्या मर्जीने किती वेगाने चालतं ते पाहावं लागतं. उजव्या वरच्या कप्प्यात सायनस नोड नावाचा पेशींचा एक छोटा पुंजका आहे. ठोका तिथून सुटतो. त्याला मेंदूकडून काहीच निरोप आला नाही, तर तरुण माणसाचं हृदय मिनिटाला साधारण १०० वेळा धडधडेल. आपली नाडी सत्तरच्या घरात राहते, कारण मेंदूतून निघणारी व्हेगस ही नस त्या नोडवर ब्रेक दाबून धरते. उलट बाजूला वेग वाढवणाऱ्या नसा आणि ॲड्रेनलिन असतं. हृदयाचं प्रत्यारोपण झालेल्यांमध्ये हे लख्ख दिसतं. नवं हृदय बसवताना या नसा कापल्या जातात, त्यामुळे त्यांची विश्रांतीची नाडी ९० ते ११० असते आणि रात्रीही फारशी उतरत नाही. थोडक्यात, रात्रीचा उतार आणि सकाळचा चढ हा मुख्यतः नसांचा कारभार आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, कराडच्या एका शाळेत शिकवणाऱ्या ४५ वर्षांच्या बाई आहेत, तब्येत ठणठणीत. रात्री साडेदहाला अंथरुणावर पाठ टेकली तेव्हा नाडी ६६. गाढ झोप लागल्यावर ब्रेक घट्ट बसतो आणि नाडी ५६ वर येते. पहाटे तीन-चारच्या सुमारास ती ५२-५४ पर्यंत जाते. हा दिवसाचा तळ. रात्रीच्या उत्तरार्धात स्वप्नांची झोप जास्त असते. त्या वेळी नाडी सरळ रेषेत राहत नाही, मध्येच ७० ला जाऊन परत येते. घड्याळाच्या आलेखात पहाटे दिसणारे सुळके बहुधा हेच असतात.

याच वेळी शरीर उठायच्या तयारीला लागलेलं असतं. कॉर्टिसॉल हे संप्रेरक मध्यरात्रीनंतर वाढू लागतं आणि जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात शिखर गाठतं. साडेपाचला बाईंना जाग येते तेव्हा, पडल्या पडल्या, नाडी ६०. त्या उठून उभ्या राहतात. काही रक्त पायांकडे ओढलं जातं, मेंदूचा पुरवठा टिकवायला हृदयाला वेग घ्यावा लागतो आणि नाडी ७४ होते. मग पाणी भरणं, डबे, जिन्यावरून दोन चकरा. हा चढ बराचसा उठण्या-बसण्याचा आहे, पण सगळा नाही. प्रयोगशाळेत माणसांना मंद उजेडात, दिवसरात्र जागं ठेवून, नुसतं पडून राहायला लावून, ठरावीक वेळाने सारखंच थोडं थोडं खायला देऊन पाहिलं आहे. तरीही नाडी रात्री उतरते आणि सकाळी वाढू लागते. मेंदूतलं घड्याळ ते काम करत असतं.

सकाळच्या या चढाचं नाव थोडं बदनाम आहे. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या जेम्स म्युलर आणि सहकाऱ्यांनी हृदयविकाराचे झटके दिवसात केव्हा येतात ते तपासलं, तेव्हा सकाळी सहा ते दुपारी बारा या वेळात ते जास्त आढळले. नाडी, रक्तदाब आणि रक्ताची गुठळी होण्याची प्रवृत्ती, तिन्ही सकाळी एकदम वाढतात. ज्याच्या धमन्यांत आधीच चरबीचे थर साचले आहेत त्याला याचा धोका. निरोगी माणसाने उठल्यावर नाडी १५ ने वाढली म्हणून पुन्हा पांघरूण ओढायचं कारण नाही. वाढली नसती तर उठताना घेरी आली असती.

आता दुपार. बाईंची नाडी शाळेत साडेदहाला ७६ असते. एक वाजता डबा खाल्ला की ती उतरेल असं वाटतं, पण प्रत्यक्षात ८२ होते. पोटाला जादा रक्त लागतं आणि ते पोचवायला हृदयाला तास-दोन तास जास्त काम करावं लागतं. त्यामुळे जेवून लगेच नाडी मोजणाऱ्याला दुपारचा उतार सापडणारच नाही. तो दिसतो तीनच्या आसपास, हातात पेपर घेऊन खुर्चीत बसल्यावर. तेव्हा नाडी ६७-६८ असते. त्या वेळची सुस्ती फक्त जेवणाने येत नाही. न जेवलेल्यांनाही ती येते, कारण शरीराच्या घड्याळाची ती एक सैल वेळ आहे. वामकुक्षी केली तर नाडी आणखी पाच-सात ठोके खाली जाते. हा उतार रात्रीच्या मानाने अगदी उथळ असतो. बसमध्ये उभं राहून प्रवास करणाऱ्याला किंवा शेतात काम करणाऱ्याला तो दिसणारही नाही, आणि तो दिसला नाही म्हणून काही बिघडलं असं नाही. वयस्कर माणसांना मात्र दुपारी जपावं लागतं. भरपेट जेवणानंतर काहींचा रक्तदाब बराच खाली येतो आणि तो सावरण्यासाठी नाडी वाढायला हवी तेवढी वाढत नाही. ताटावरून उठताना तोल जातो तो त्यामुळे. अशांनी जेवण थोडं थोडं विभागून घ्यावं आणि उठायची घाई करू नये.

मग वेगळं, लक्ष देण्यासारखं काय? माझ्या मते सगळ्यात बोलका आकडा झोपेतल्या नाडीचा असतो, आणि नेमका तोच मोजायचा आपण विसरतो. दवाखान्यातली नाडी फसवी असते. रांगेत ताटकळलेला, जिने चढून आलेला, सुईला घाबरलेला माणूस ९५ दाखवणारच. झोपेत भीती निघून जाते.

याच बाईंना सहा महिन्यांनी छातीत धडधडू लागतं असं समजा. वजन चार किलोने उतरलं आहे, खडू धरताना बोटं थरथरतात, वैशाखाआधीच उकडतंय. घरचे म्हणतात, परीक्षेच्या कामाचा ताण. दिवसा नाडी ९८. ताण असेल तर ती गाढ झोपेत साठीत यायला हवी. लेक मध्यरात्रीनंतर आईच्या मनगटावर अलगद बोटं ठेवून पूर्ण मिनिट मोजते, तर ठोके भरतात ८८. तीन रात्री साधारण तेच. हे ताणाचं लक्षण नव्हे. थायरॉइड जास्त चालत असेल तर त्याची संप्रेरकं हृदयाला झोपेतही स्वस्थ बसू देत नाहीत. टीएसएच ही साधी रक्ततपासणी याचा उलगडा करते. काळजी आणि थायरॉइड यांत फरक करायला झोपेतली नाडी मोजणं ही डॉक्टरांची जुनीच रीत आहे.

रात्री नाडी न उतरण्याची कारणं आणखीही आहेत. ताप, रक्त कमी असणं, शरीरातलं पाणी घटणं, दम्याचं साल्ब्युटामॉल, उशिराचं जड जेवण, दारू. रात्री दोन पेग घेतलेल्याच्या घड्याळात हे दुसऱ्या दिवशी स्वच्छ दिसतं. गरोदरपणात तर नाडी चोवीस तास १०-१५ ने वरच असते, आणि ते योग्यच आहे. पण बरीच वर्षं मधुमेह असलेल्यांची नाडी दिवसरात्र नव्वदीत खिळून राहिली, पडलेले असोत की उभे, तर ती डॉक्टरांना सांगायला हवी. साखरेने व्हेगस नसेचं नुकसान झाल्याची ती खूण असू शकते. प्रत्यारोपित हृदयाच्या बाबतीत जे शस्त्रक्रियेने होतं, ते इथे हळूहळू झालेलं असतं.

नाडी नीट मोजायची तर पाच मिनिटं शांत बसावं आणि आधीचा अर्धा तास चहा-तंबाखू टाळावी. तर्जनी आणि मधलं बोट अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर ठेवावं. ३० सेकंद मोजून दुप्पट केली तरी चालते, पण लय तुटक लागली तर पूर्ण मिनिट मोजावं. घड्याळाचा पट्टा सैल असेल तर चालताना ते कधी कधी नाडीऐवजी पावलं मोजतं आणि चुकीचा आकडा दाखवतं. शंका आली की बोटांनी मोजून पाहावं.

मंद नाडीचा न्याय वेगळा. पळणाऱ्या, पोहणाऱ्या माणसाची झोपेतली नाडी ४० पर्यंत गेली तरी ठीक. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉलसारख्या गोळ्या घेणाऱ्यांचा सकाळचा चढही दबलेलाच असतो. तिथे आकड्यापेक्षा एक साधी परीक्षा उपयोगी पडते. घरातल्या घरात दोन-तीन मिनिटं भरभर चालायचं. निरोगी मंद नाडी लगेच ८०-९० वर उडी घेते. जी नाडी ३८ वर आहे आणि चालूनही ४० वरच राहते, सोबत अंधारी येते, दम लागतो, तिथे वरच्या कप्प्यातला निरोप खालच्या कप्प्यांपर्यंत पोचतच नसेल. त्याच दिवशी ईसीजी काढावा. भोवळ येऊन माणूस पडला असेल किंवा छातीत दुखत असेल, तर नाडी कितीही असो, मोजत न बसता थेट रुग्णालयात न्यावं.

लयीचंही तसंच आहे. तरुणांची नाडी श्वास घेताना किंचित वाढते आणि सोडताना मंदावते. तो व्हेगसचाच खेळ आहे आणि चांगला आहे. पण साठीनंतर ठोके कसेही, कुठलाही मेळ नसल्यासारखे पडू लागले तर एट्रियल फिब्रिलेशन असू शकतं. तेव्हा एकाने छातीवर आणि दुसऱ्याने मनगटावर एकाच मिनिटात मोजलं, तर छातीवर ११० आणि मनगटावर ९० असा फरक निघतो, कारण काही ठोके इतके कमजोर असतात की ते हातापर्यंत पोचतच नाहीत. मनगटावरचं घड्याळ ते ९० दाखवून मोकळं होतं.