रात्री दोनच्या कामांची वही

कीबोर्डवर `e` आणि `r` ही अक्षरं शेजारी शेजारी आहेत. लिनक्सच्या सर्व्हरवर कामांचं वेळापत्रक बदलायला उघडायचं असेल तर `crontab -e` असं टाइप करतात. बोट जरा उजवीकडे सरकलं की होतं `crontab -r`. या आज्ञेचा अर्थ आहे, सगळं वेळापत्रक पुसून टाक. ती साधारणपणे ‘नक्की का?’ असंही विचारत नाही. एंटर दाबला की कर्सर शांतपणे पुढच्या ओळीवर येतो आणि काही घडलंय हे कळतही नाही.

एका पतसंस्थेत हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं. संध्याकाळचे साडेसात वाजले होते आणि माणूस दमलेला होता. दिवसभरात कोणाचंच काही अडलं नव्हतं, म्हणून रात्रीच्या बॅकअपची वेळ अर्ध्या तासाने पुढे ढकलायला तो बसला होता. पाच वर्षांत एकेक करून भरलेल्या ओळी एका क्षणात गेल्या. त्यांची प्रत कुठेच नव्हती.

सर्व्हर जी कामं ठरलेल्या वेळी आपणहून करतो, त्यांना ‘जॉब’ म्हणतात: बॅकअप घेणं, दिवसाचा हिशेब बंद करणं, थकबाकीची यादी काढणं, एसएमएस पाठवणं. ती कधी करायची हे `cron` नावाच्या जुन्या कार्यक्रमाला सांगितलेलं असतं. प्रत्येक कामाची एक ओळ, आणि तिच्या सुरुवातीला पाच खाने: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. `0 2 1 * *` म्हणजे दर महिन्याच्या 1 तारखेला रात्री दोन वाजता.

त्या रात्री आम्ही सर्व्हरच्या नोंदी चाळल्या. `cron` जे काम सुरू करतो त्याची ओळ नोंदवहीत पडते, त्यावरून रोजची कामं तासाभरात परत लिहिली. पण त्या नोंदी जेमतेम चार आठवड्यांच्या होत्या. तीन महिन्यांतून एकदा चालणारं एक काम त्यांत नव्हतंच. ते गायब झाल्याचं तिमाही संपल्यावर कळलं, एका अहवालाची कोणीतरी वाट बघत होतं तेव्हा. काम चुकलं तर निदान तक्रार येते. काम झालंच नाही तर कोणी ओरडत नाही.

त्यानंतर आम्ही एक नियम केला. वेळापत्रकाचं मूळ ठिकाण सर्व्हर नाही. मूळ आहे ते गिटमध्ये, आणि सर्व्हरवर असते ती फक्त प्रत. गिट हा लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 साली लिनक्सच्या विकासासाठी लिहिलेला कार्यक्रम. फाइलीतला प्रत्येक बदल कोणी केला, कधी केला आणि आधी तिथे काय होतं, हे तो जपून ठेवतो. पतसंस्थेतल्या लोकांना हे समजावणं सोपं गेलं. रोजकीर्दीत चुकीची नोंद खोडत नाहीत, उलट नोंद करतात; गिटमध्येही तसंच आहे. बदल नोंदवताना एक वाक्य लिहावं लागतं. ‘वेळ बदलली’ असं लिहिणं फुकट आहे, ते फाइलीत दिसतंच. ‘बॅकअप आणि दिवसबंद एकाच वेळी चालून यंत्र अडकत होतं, म्हणून बॅकअप 2:30 ला’ असं लिहिलं तर दोन वर्षांनी येणारा माणूस ती वेळ परत मागे आणणार नाही.

एक गोष्ट मात्र या वहीत कधीच लिहायची नाही: पासवर्ड. पुढच्या नोंदीत खोडला तरी तो जुन्या नोंदीत राहतो. चुकून गेलाच तर तो पुसण्याच्या मागे न लागता आधी बदलायचा. वेळापत्रकात पासवर्डच्या फाइलीचं ठिकाण लिहायचं, फाइल सर्व्हरवर वेगळी ठेवायची.

पुढच्या वर्षी पतसंस्थेने नवा सर्व्हर घेतला, तोही क्लाउडवर. तिथली यंत्रं बहुधा जागतिक वेळेवर, म्हणजे यूटीसीवर चालतात. ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. थकबाकीची यादी 1 तारखेला रात्री दोनला निघायची आणि त्याच सकाळी नऊला त्या यादीवरून कर्जदारांना एसएमएस जायचे. मी हिशेब केला: रात्रीचे दोन, वजा साडेपाच तास, म्हणजे 20:30. आणि ओळ लिहिली:

```
30 20 1 * *  /opt/jobs/thakbaki.sh
```

आमच्याकडे कोणाचाही बदल दुसऱ्याने वाचल्याशिवाय मुख्य वहीत जात नाही. माझी सहकारी वाचत होती. ती म्हणाली, “सर, ही दोन तारीख झाली ना?” मला दोन मिनिटं कळेना. मग तिने कागदावर काढून दाखवलं. यूटीसीमध्ये 1 तारखेचे 20:30 वाजतात तेव्हा आपल्याकडे 2 तारखेची पहाट असते. तास बरोबर होता, दिवस चुकला होता. म्हणजे 1 तारखेला सकाळी नऊला एसएमएस जायचे ते गेल्या महिन्याच्या यादीवरून, आणि ज्यांनी हप्ता भरलाय त्यांना ‘आपला हप्ता थकला आहे’ असा निरोप गेला असता. गावातल्या माणसाला असा निरोप गेला की त्याची पत जाते, आणि दुसऱ्या दिवशी तो काउंटरवर येतो तो उगाच नाही.

आम्हाला हवी होती ती वेळ यूटीसीत आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी येते. तो दिवस 28, 29, 30 किंवा 31, काहीही असू शकतो, आणि ‘महिन्याचा शेवटचा दिवस’ असं `cron`च्या पाच खान्यांत सरळ लिहिता येत नाही. म्हणून आम्ही लिनक्समधलीच दुसरी सोय घेतली, सिस्टिमडीचा टायमर. त्यात वेळेबरोबर ती कुठली हेही लिहिता येतं:

```
[Timer]
OnCalendar=*-*-01 02:00:00 Asia/Kolkata
Persistent=true
```

शेवटची ओळ म्हणजे त्या वेळी यंत्र बंद असलं तर सुरू झाल्यावर राहिलेलं काम कर. आणि मनातल्या मनात वजाबाकी करण्याऐवजी यंत्रालाच विचारता येतं की पुढच्या तीन वेळा कोणत्या:

```
systemd-analyze calendar --iterations=3 "*-*-01 02:00:00 Asia/Kolkata"
```

उत्तरात तीन तारखा येतात. त्या वाचून दाखवल्याशिवाय वेळेचा बदल मान्य करायचा नाही, हे तेव्हापासून ठरलं.

वहीत बरोबर लिहिलं की काम संपलं असं नाही. महिन्यातून एकदा चालणाऱ्या कामाची चूक कळायला महिना लागतो. म्हणून 1 तारखेला जुना सर्व्हर नेहमीसारखा चालू ठेवला आणि नव्यानेही यादी काढली, पण वेगळ्या फोल्डरमध्ये. नव्या सर्व्हरकडून एसएमएस पूर्ण बंद. सकाळी दोन्ही याद्या `diff` या आज्ञेने ओळीला ओळ लावून पाहिल्या. एकाच खात्याचा फरक निघाला. रात्री उशिरा आलेली एक ऑनलाइन भरणा-नोंद नव्या सर्व्हरवर पोहोचायला वेळ लागला होता. यादीची वेळ दोनवरून तीनवर नेली, पुढच्या महिन्यात परत ताडून पाहिलं, फरक शून्य. मगच एसएमएसचं काम नव्याकडे दिलं.

देतानाही क्रम महत्त्वाचा. जुनं आधी बंद करून मग नवं सुरू केलं, तर मधे काहीच न चालण्याचा धोका. नवं आधी सुरू केलं, तर दोन्ही चालण्याचा. माझं मत असं की हे कामागणिक ठरवावं. बॅकअप दोनदा झाला तर बिघडत नाही, म्हणून तिथे नवं आधी सुरू करावं. एसएमएस दोनदा जाता कामा नये, म्हणून तिथे जुनं आधी बंद. शिवाय एसएमएसच्या कामाला दोन अटी घातल्या: यादीवर आजची तारीख नसेल तर थांबायचं आणि आम्हाला कळवायचं, आणि या महिन्याचे निरोप गेल्याची खूण असेल तर परत पाठवायचे नाहीत. मग टायमर चुकून दोनदा चालला तरी माणसाला एकच निरोप जातो.

बदल फसला तर मागे कसं यायचं, हेही आधीच करून बघावं लागतं. 17 जून 2012 रोजी ब्रिटनमधल्या रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडच्या समूहात रात्रीची कामं रांगेने चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवली गेली. दुसऱ्या दिवशी अडचणी दिसल्या, म्हणून ती काढून जुनी परत आणायचं ठरलं. पण परत जाण्याचा परिणाम काय होईल याची चाचणी केली नव्हती, आणि नवी व जुनी आवृत्ती एकमेकींशी जुळणारी नव्हती. रात्रीची कामं विस्कटली. नॅटवेस्ट, अल्स्टर बँक आणि खुद्द आरबीएसच्या मिळून 65 लाखांहून अधिक ग्राहकांना त्याची झळ लागली. खात्यातली शिल्लक चुकीची दिसत होती, पगार आणि हप्ते अडकले. अल्स्टर बँकेची घडी बसायला जुलै उजाडला. 2014 साली तिथल्या दोन नियामकांनी समूहाला मिळून 5 कोटी 60 लाख पौंड दंड केला. लोकांना सर्वांत जास्त भोवलं ते घाईत मागे फिरणं.

गिटमध्ये `git revert` ही आज्ञा दिली की वेळापत्रक पूर्वीसारखं होतं. पण गेलेला एसएमएस परत येत नाही, जमा झालेलं व्याज आपोआप वजा होत नाही. म्हणून आमच्या वहीत प्रत्येक कामाच्या फाइलीत आता एक ओळ सक्तीची आहे: हे काम चुकीचं चाललं तर काय उलटवता येतं आणि काय नाही, आणि त्या वेळी फोन कोणाला करायचा.

आणखी एक पहारा आहे. दर तासाला सर्व्हरवरची प्रत आणि गिटमधलं मूळ ताडून पाहिलं जातं. कोणी रात्री घाईत थेट सर्व्हरवर हात घातला असेल तर सकाळच्या आत कळतं. त्या माणसाला दोष देत नाही, बहुतेक वेळा त्याला खरीच निकड असते. पण तो बदल वहीत आणायचा किंवा सर्व्हरवरून काढायचा, दोन्हींपैकी एक त्याच दिवशी करायचं.

तुमच्या संस्थेत, दवाखान्यात, कारखान्यात असा एखादा सर्व्हर असेल, तर त्याची देखभाल करणाऱ्याला आजच `crontab -l` चालवायला सांगा. ही आज्ञा वेळापत्रक फक्त दाखवते, काहीही बदलत नाही. मात्र ती ज्या खात्यातून कामं चालतात त्या प्रत्येक खात्यातून चालवावी लागते. जे दिसेल ते एका फाइलीत उतरवून ती गिटमध्ये टाका. दहा मिनिटांचं काम आहे.