आक्कांचा राजीनामा

दुसऱ्यांचे राजीनामे मंजूर करणे हा माझा एकतीस वर्षांचा धंदा. सरकारी कचेरीच्या आस्थापना शाखेत मी होतो. 'आपला राजीनामा अमुक तारखेच्या मध्यान्हानंतर स्वीकृत करण्यात येत आहे' हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिले की झोपेतही लिहीन. त्यामुळे आमच्या घरचा राजीनामा आला तेव्हा, हे काम आपल्याला जमणार नाही अशी शंकाही मनाला शिवली नाही.

राजीनामा आक्कांचा होता. आक्का २०११ च्या नोव्हेंबरपासून आमच्याकडे पोळ्या, भाजी आणि वरकाम करीत. पुढे आईचे वय झाले तसे तिच्या गोळ्या आणि न्हाणेही त्यांच्याकडे गेले. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, त्यांनी कणीक मळता मळता हिला सांगितले, "ताई, वसुबारसेपत्तोर येते. पुढं नाही जमायचं."

कारण साधे होते. आक्का पाथर्डी तालुक्यातल्या. मुलगा आणि सून दरवर्षी ऊसतोडीला जातात. नवराबायकोच्या जोडीला तिकडे 'कोयता'च म्हणतात. मुकादम हंगामाआधी एका कोयत्याला ठोक उचल देतो, आणि मग जोडी पाचसहा महिने कारखान्याच्या फडावर ऊस तोडून, टनाच्या भावाने, ती उचल फेडते. मागे राहिलेल्या पोरांना सांभाळायला घरी म्हातारे माणूस लागते. आक्कांच्या घरी ते काम त्यांची थोरली जाऊ करी. ती श्रावणात वारली. आता आक्का गेल्या नाहीत तर नातवंडांची शाळा सुटणार आणि ती आईबापाबरोबर कोपीवर जाणार.

"जा तुम्ही, आम्ही काहीतरी करू," असे मी म्हणालो. तेव्हा आक्का हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "दादा, मला कागद लिहून द्या."

मला कोण आनंद झाला! त्याच रात्री टेबलाशी बसून मी एक झकास पत्र लिहिले. चौदा वर्षांची निष्ठा, मातेसमान माया, आमच्या कुटुंबावरचे ऋण, सारे त्यात होते. सकाळी आक्कांना वाचून दाखवले. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "यात उचलीचं कुठं आहे?"

वाचकहो, मी वरमलो. जून महिन्यात नातवाच्या शाळेसाठी आक्कांनी आमच्याकडून आठ हजार रुपये उचल घेतली होती. दरमहा पगारातून एक हजार कापायचे ठरले होते. त्यांच्या मुलाच्या नावावर मुकादमाच्या वहीत दर साली काही ना काही बाकी राहते, ती पुढच्या हंगामाच्या उचलीत मिळते, आणि माणूस त्या वहीतून कधी सुटत नाही, हे त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. त्यांना माझे आभार नको होते. 'माझ्याकडं काही निघत नाही' एवढा कागद हवा होता. कचेरीत आम्ही यालाच 'ना-देय प्रमाणपत्र' म्हणत असू, आणि तेच नेमके मी घरी लिहायला विसरलो होतो!

मग हिशेबाला बसलो. पहिल्याच आकड्याला अडलो. माझ्या रोजनिशीत जुलै आणि सप्टेंबर अशा दोन कपाती होत्या, म्हणून बाकी सहा हजार. आक्का म्हणाल्या, "पाच." मी वही दाखवली. त्यांना अक्षर येत नाही, पण एस.टी.च्या पाटीवरचा आणि नोटेवरचा आकडा बरोबर कळतो. त्यांनी वहीकडे पाहिले, रागावल्या नाहीत, फक्त पुन्हा म्हणाल्या, "पाच, दादा." मला उगाच वाटले, की म्हातारपणी विसरत असतील. हे वाटणे मी बोलून दाखवले नाही, तरी चेहऱ्यावर दिसले असणार.

उलगडा हिने केला. ऑगस्टात मी पुण्याला लेकीकडे होतो. तेव्हाचा पगार हिने दिला होता. कालनिर्णयाचे ऑगस्टचे पान उलटले तर दुधाच्या आणि खाड्यांच्या खुणांच्या शेजारी हिच्या अक्षरात '४२०० दिले, १००० वजा' असे लिहिलेले! आक्का बरोबर होत्या, आणि आस्थापना शाखेचा एकतीस वर्षांचा अनुभव चुकला होता. तेव्हापासून मी सांगत असतो, की उचलीची नोंद एकाच ठिकाणी ठेवावी, आणि प्रत्येक कपातीला दोघांनी मिळून आकडा पाहावा. निघायच्या दिवशी आठवणीवर भांडण होते, ते याच कारणाने.

पुढचा प्रश्न, द्यायचे किती? घरकामाच्या बाबतीत कायदा इथे फारसा मदतीला येत नाही. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण काम सोडताना घरमालकाने किती द्यावे, याचे गणित त्यात नाही. उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, १९७२ चा कायदा दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेसाठी होता. घराला तो लागू नव्हता. तरी त्याची रीत उसनी घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही. शेवटच्या मासिक पगाराला २६ ने भागायचे, १५ ने गुणायचे आणि सेवेच्या वर्षांनी गुणायचे. शेवटच्या वर्षाचे सहा महिन्यांहून अधिक भरले तर ते पूर्ण धरायचे.

आक्कांचा पगार ५,२०० रुपये. २६ ने भागले की दिवसाचे २०० होतात. पंधरा दिवसांचे ३,०००. सेवा तेरा वर्षे आणि अकरा महिने, म्हणजे चौदा. झाले ४२,०००. ऑक्टोबरच्या १ ते १७ तारखांमधले दोन रविवार वजा जाता पंधरा दिवसांचे ३,०००. वर्षाला बारा पगारी खाडे ठरलेले होते, त्यातले चार शिल्लक होते, त्यांचे ८००. दिवाळीचा एक पगार दरवर्षीचाच, ५,२००. एकूण ५१,०००.

बेचाळीस हजार हा आकडा मोठा वाटला, हे कबूल करतो. पण तो चौदा वर्षांत कुठेही बाजूला टाकलेला नव्हता, म्हणून मोठा वाटला. वर्षाला तीन हजारच पडतात. दर दिवाळीला तेवढे वेगळे ठेवले असते तर मला एका महिन्यात ठेव मोडावी लागली नसती.

उचलीचे पाच हजार मात्र सोडून द्यावेत, असे हिचे आणि माझे ठरले. आक्कांना सांगितले, तर त्या एकदम ताठ झाल्या. "सोडू नका. कापून घ्या. सोडलेली उचल मनात राहते, दादा. तुमच्या नाही, माझ्या." आम्ही दोघेही गप्प बसलो. पाच हजार कापले. राहिले ४६,०००.

एवढी रक्कम हातात नको, असेही त्यांनीच सांगितले. घरात पैसा दिसला की तो कोयत्याच्या तयारीत जातो. म्हणून ४२,००० त्यांच्या स्वतःच्या खात्यात भरले, तेही दोन दिवस आधी. पासबुकावर नोंद छापून आणली, त्यांना आकडा दाखवला. दिवाळीत बँकेला सुट्ट्या, आणि 'पाठवले आहेत, येतील' हे वाक्य घेऊन कोणाला गावी पाठवू नये. उरलेले ४,००० शेवटच्या दिवशी रोख.

राहिली कामाची सोपवणूक. सावेडीतच राहणारी एक नवी बाई मिळाली. तिला १३ तारखेच्या सोमवारपासून बोलावले आणि पाच दिवस दोघींनाही पूर्ण रोज दिला. शेवटच्या दिवशी तासाभरात 'सगळं दाखवा' म्हणणे व्यर्थ असते, कारण जाणाऱ्या माणसाला काय काय येते हे त्याला स्वतःलाच ठाऊक नसते. पहिले दोन दिवस आक्कांनी केले आणि नवीने पाहिले. पुढचे तीन दिवस नवीने केले आणि आक्का नुसत्या स्टुलावर बसल्या. खऱ्या गोष्टी या तीन दिवसांत बाहेर आल्या. आमच्याकडे नळाला पाणी दिवसाआड येते. अंगणातला कॉक पूर्ण फिरवला तर टाकीत पाणी चढतच नाही, अर्धाच फिरवायचा, हे मला चौदा वर्षांत माहीत नव्हते. आणि आईने बुधवारी नवीच्या हातची सकाळची गोळी थुंकून टाकली. तेव्हा कळले, की आक्का गोळीआधी तिच्या जिभेवर गुळाचा खडा ठेवीत. डॉक्टरांना विचारले. त्यांनी आईची साखर पाहिली आणि हरभऱ्याएवढा खडा चालेल म्हणाले. तेव्हा तोही कागदावर चढला.

पहिले झकास पत्र फाडून मी दुसरे लिहिले. ते असे:

"दिनांक १७ ऑक्टोबर २०२५. आक्कांस नमस्कार. तुम्ही ३ तारखेला काम सोडत असल्याचे सांगितले, ते आम्ही मान्य केले आहे. आज तुमचा कामाचा शेवटचा दिवस. नोव्हेंबर २०११ पासून आजपर्यंत तुम्ही आमच्या घरी काम केले. घराची किल्ली तुमच्याकडे होती आणि आम्हाला कधी काळजी वाटली नाही. आईला तुम्ही सांभाळले, त्याबद्दल आम्ही आभारी आहोत.

"नव्या बाईंना पाणी, स्वयंपाक आणि आईच्या गोळ्या तुम्ही पाच दिवस दाखवल्या. किल्ली आज परत मिळाली. तुमच्या आधार कार्डाची प्रत आणि फोटो आमच्याकडे होते, ते परत दिले.

"पंधरा दिवसांचा पगार ३,०००, शिल्लक खाड्यांचे ८००, दिवाळी ५,२००, चौदा वर्षांच्या सेवेचे ४२,०००, एकूण ५१,०००. उचलीची बाकी ५,००० कापून ४६,०००. पैकी ४२,००० तुमच्या खात्यात जमा, ४,००० आज रोख. उचल पूर्ण फिटली. आमचे तुमच्याकडे काही येणे नाही."

दोन प्रती केल्या. वसुबारसेच्या दुपारी वाचून दाखवल्या. आक्कांनी दोन्हीवर अंगठा दिला, मी सही केली, हिनेही केली. मग आक्कांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. "हे काय लिहिलंय?"

"काही येणे नाही."

"आकड्यात लिहा की."

मी दोन्ही प्रतींवर त्या ओळीपुढे लिहिले, 'बाकी ०'. आक्कांनी ते शून्य स्वतः वाचले. कागदाची चौघडी केली, पासबुकाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, पिशवी कनवटीला लावली. किल्ली परत दिल्याचे पत्रात लिहिले होते खरे, पण ती अजून त्यांच्या कमरेलाच होती. ती सोडवून त्यांनी आईच्या उशाशी ठेवली आणि पाथर्डीची गाडी चुकेल म्हणून लगबगीने निघाल्या.