आकडा पुसलेला नादकाटा

शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळेतल्या नादकाट्यावर त्याची वारंवारता कोरलेली असते: २५६, ३२०, ३८४, ५१२. हा आकडा झिजून गेला किंवा सरांनी मुद्दाम त्यावर कागद चिकटवला, तर तो काटा सेकंदाला किती वेळा कंप पावतो हे कसं शोधायचं? अकरावी-बारावीचे विद्यार्थी सोनोमीटरवर हे करतात. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण ज्या गोष्टी मोजणं कठीण त्या न मोजताच तो उत्तर देतो.

सोनोमीटर म्हणजे लाकडाची लांबट पोकळ पेटी. तिच्यावरून एक पोलादी तार जाते. तारेचं एक टोक खुंटीला बांधलेलं असतं. दुसरं कप्पीवरून खाली येतं आणि त्याला वजनं लटकवतात. तारेखाली दोन सरकत्या घोड्या असतात आणि त्यांच्यामधला तारेचा भागच वाजतो. या भागाची वारंवारता तीन गोष्टींवर ठरते: लांबी, ताण आणि तारेच्या दर मीटरचं वस्तुमान. फ्रान्सच्या मर्सेनने १६३६ साली हे नियम ग्रंथात मांडले. ताण आणि तार तीच ठेवली, तर लांबी निम्मी केल्यावर वारंवारता दुप्पट होते. म्हणजे वारंवारता आणि लांबी यांचा गुणाकार बदलत नाही. सतारीच्या एकाच तारेवर पडद्यापडद्याने वर सरकताना हेच घडतं.

पद्धतीचं खरं बळ या गुणाकारात आहे. लटकवलेलं वजन चार किलो असलं, तरी कप्पीच्या घर्षणामुळे तारेतला ताण नेमका तेवढाच असेल याची खात्री नसते. तारेची जाडीही अचूक मोजणं अवघड असतं. पण ओळखीच्या आणि अनोळखी काट्यांसाठी ताण आणि तार तीच राहिली, तर दोन्ही किती आहेत हे कळण्याची गरजच उरत नाही. म्हणून वाचनं सुरू झाल्यावर वजनांना हात लावायचा नाही. घोडीने तार वर उचलली जाता कामा नये, ती तारेला नुसती टेकली पाहिजे. तार उचलली गेली की ताण बदलतो.

नादकाटा रबराच्या पॅडवर हलकेच आपटून त्याची दांडी पेटीवर टेकवतात. टेबलाच्या कडेवर आपटला तर मूळ सुराबरोबर एक तीक्ष्ण, वरचा आवाज निघतो आणि कान फसतो. घोड्या सरकवत आधी कानानेच सूर जवळ आणायचा. सूर जुळत आला की आवाज घूं-घूं असा कमी-जास्त होतो आणि हे हेलकावे मंदावत जातात. मग तारेच्या मध्यावर कागदाचा घडी घातलेला चिमुकला तुकडा ठेवायचा. तारेची आणि काट्याची वारंवारता जुळली की तार जोरात थरथरते आणि तुकडा उडून पडतो. प्रत्यक्षात तो एकाच लांबीला नाही, तर थोड्या पट्ट्यात पडतो. अनोळखी काट्यासाठी समजा २८.६ ते २९.० सेंटीमीटरमध्ये पडला, तर मधली २८.८ घ्यायची.

आता एक नमुना हिशेब पाहू. त्याच ताणावर २५६च्या काट्याला ४७.९ सेंटीमीटर, ३२०ला ३८.५, ३८४ला ३१.९ आणि ५१२ला २४.१ एवढी लांबी आली. गुणाकार अनुक्रमे १२२६२, १२३२०, १२२५० आणि १२३३९. एक टक्क्याच्या आतला हा फरक मोजणीचा आहे. मात्र गुणाकार एका वाचनाकडून पुढच्याकडे एकाच दिशेने चढत किंवा उतरत गेले असते, तर ताण सरकतोय असा संशय घ्यायला हवा होता. सरासरी १२२९३ला २८.८ने भागलं की ४२६.८ येतात. नेहमीच्या संचात ४२६.६चा काटा असतो. २५६ला सा मानलं तर तो शुद्ध धैवत, कारण २५६ गुणिले पाच-तृतीयांश म्हणजे ४२६.६७.

एक फसगत मात्र टाळायला हवी. याच काट्याला तार ५७.६ सेंटीमीटर लांबीवरही प्रतिसाद देते, पण तेव्हा ती दोन भागांत कंप पावते आणि तिचा मध्यबिंदू स्थिर राहतो. मध्यावरचा कागद तिथे पडत नाही, पाव अंतरावरचा पडतो. ती लांबी धरली तर उत्तर २१३च्या आसपास, म्हणजे निम्मं येतं. म्हणून आखूड लांबीपासून सुरुवात करून ती वाढवत न्यायची आणि जुळल्यासारखं वाटलं की तार बोटाने छेडून बघायची. ती काट्यापेक्षा एक सप्तक खाली बोलली, तर लांबी दुप्पट आहे हे लगेच कळतं.

पट्टीवर एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला, तर उत्तर सुमारे दीड हर्ट्झने हलतं. त्यामुळे हा प्रयोग ४२६ आणि ४२७ यांतला फरक सांगू शकत नाही. तो हवाच असेल, तर ४२६.६चा खात्रीचा काटा अनोळखी काट्याबरोबर वाजवून सेकंदाला आवाजाचे किती हेलकावे येतात ते मोजायचं. जेवढे हेलकावे, तेवढाच दोघांच्या वारंवारतेतला फरक.