आज रोख, उद्या उधार: वायद्याच्या खात्यातल्या गमती

तीन हजार की तेरा हजार? उस्मानपुऱ्यात संत एकनाथ रंगमंदिराजवळच्या टपरीवर परवा दोन कॉलेजची पोरं या एका आकड्यावरून हातघाईवर आली होती. समोर वही, वहीत चांदीचा वायदा. खात्यात 37,000 उरलेत, किमान 40,000 ठेवायचेत, मग ब्रोकर किती मागणार? एक म्हणाला तीन हजार, दुसरा तेरावर ठाम. शेवटी वही माझ्यासमोर सरकवली, "काका, तुम्हीच सांगा." दुसरा पोरगा बरोबर होता, आणि तो का बरोबर होता यातच या खात्याची सगळी गंमत आहे.

दोन रेषांचं खातं

आकडे सोपे धरू. चांदी किलोला 1,00,000 रुपये. एमसीएक्सवरचा चांदी मिनीचा लॉट 5 किलोचा, म्हणजे सौदा 5 लाखांचा. सुरुवातीचं मार्जिन 10 टक्के धरलं तर 50,000 भरले की सौदा आपला. पाठ्यपुस्तकात याखाली दुसरी रेषा असते, मेंटेनन्स मार्जिनची. ती 40,000 धरू.

आता रोज रात्री काय होतं पाहा. बाजार बंद झाला की त्या दिवसाच्या बंद भावाने नफा-तोटा मोजतात आणि खात्यात तेवढी रक्कम खरोखर टाकतात किंवा काढतात. यालाच मार्क टू मार्केट म्हणतात, बाजारातल्या बोलीत एमटीएम. पहिल्या दिवशी चांदी किलोमागे 1,200 नी पडली. पाच किलोचे 6,000 गेले, खात्यात 44,000. रेष ओलांडलेली नाही, फोन नाही. दुसऱ्या दिवशी 400 नी वर, 2,000 आले, खातं 46,000. तिसऱ्या दिवशी 1,800 नी खाली, 9,000 गेले आणि उरले 37,000. आता फोन येतो, आणि मागणी असते 13,000 ची.

कारण खालची रेष ही फक्त घंटा आहे. घंटा वाजली की खातं 40,000 पर्यंत नाही, तर थेट सुरुवातीच्या 50,000 पर्यंत भरायचं. ही जी रक्कम भरायची, तिला व्हेरिएशन मार्जिन म्हणतात. तीन हजार भरून चाललं असतं तर दुसऱ्याच दिवशी भाव रुपयाने पडला तरी घंटा पुन्हा वाजली असती.

आणखी एक मजा. ही घंटा वाजायला भाव किती पडावा लागतो? किलोमागे 2,000 हून जरा जास्त, म्हणजे दोन टक्के. भाव दोन टक्के हलतो तेव्हा भरलेल्या पैशातला वीस टक्के भाग गेलेला असतो.

आपल्याकडे घंटाच नाही

वरची दोन रेषांची रीत अमेरिकी बाजारांची. भारतात ग्राहकासाठी अशी खालची, सवलतीची रेष नाही. इथे सुरुवातीचं मार्जिन हीच रेष, आणि ती रोज पूर्ण असावी लागते. म्हणजे त्याच सौद्यात आपल्या माणसाला पहिल्या दिवशीच 6,000 द्यावे लागतात, दुसऱ्या दिवशी 2,000 परत येतात आणि तिसऱ्या दिवशी 9,000 जातात. बेरीज करून पाहा, निव्वळ 13,000 च! मेंटेनन्स मार्जिनमुळे तोटा पैशानेही कमी होत नाही, फक्त फोन उशिरा येतो. त्या पोरांना हे वहीत मांडून दाखवलं तेव्हा दोघांनीही बेरीज दोनदा तपासली.

मार्जिन अपुरं पडलं तर दंडही रोजचा. तूट एक लाखाच्या आत आणि लागणाऱ्या मार्जिनच्या दहा टक्क्यांच्या आत असेल तर तुटीच्या अर्धा टक्का, त्यावर गेली तर एक टक्का. तूट सलग तीन दिवसांपुढे लांबली की पाच टक्के.

आणि हो, दहा लाखांचे शेअर गहाण ठेवून मार्जिन मिळवता येतं, पण एमटीएमचा तोटा शेअरने फिटत नाही. तो रोखच लागतो. घरात शेअरचा ढीग आणि खात्यात रोख शून्य, अशा माणसालाही सहा हजारांसाठी फोन येतो.

स्क्रीनवरचा शेवटचा भाव फसवा

नवख्यांची तक्रार ठरलेली: "शेवटचा सौदा 99,000 ला झाला, मग माझा हिशेब 98,800 ने कसा?" एमटीएमचा भाव म्हणजे शेवटचा सौदा नव्हे. साधारणपणे शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची, ज्याचं वजन जास्त त्याला जास्त मान देऊन काढलेली सरासरी असते ती. शेवटच्या मिनिटाला कुणी एखादा सौदा टाकून सगळ्यांचा हिशेब बिघडवू नये म्हणून ही सोय.

माल घरात, तरी फोन

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती सराफाची. त्याच्या तिजोरीत 5 किलो चांदी आहे. भाव पडेल म्हणून त्याने एक लॉट विकून ठेवला. भाव 3,000 ने चढला. तिजोरीतली चांदी 15,000 नी महाग झाली, वायद्यात 15,000 गेले, हिशेब बरोबरीत. पण वायद्याचे 15,000 आज रोख द्यायचेत आणि तिजोरीतला नफा चांदी विकेपर्यंत कागदावरच राहणार. रोकड हाताशी नसेल तर ब्रोकर सौदा कापतो, आणि संरक्षण नेमकं हवं असतं तेव्हाच निघून जातं. म्हणून वायद्यात माल राखणाऱ्याने मार्जिनइतकीच आणखी रोकड बाजूला ठेवावी, असं माझं ठाम मत आहे.

शून्याच्या खालचा भाव

आणि आता सगळ्यात अचाट प्रसंग, मुंबईतल्या एमसीएक्सवरचा. 20 एप्रिल 2020. कच्च्या तेलाच्या एप्रिल वायद्याचा शेवटचा दिवस. लॉकडाऊनमुळे तेव्हा बाजार संध्याकाळी 5 वाजता बंद होत होता. त्या वेळी भाव होता पिंपामागे 965 रुपयांच्या आसपास. पण अंतिम हिशेब न्यूयॉर्कच्या बंद भावावर व्हायचा होता आणि तिथला बंद भाव ठरतो तेव्हा इथे मध्यरात्र झालेली असते. तेल साठवायला टाक्याच उरल्या नव्हत्या. खरेदीदार पैसे देऊन सौदे सोडू लागले आणि भाव उणे 37.63 डॉलरवर ठरला. रुपयांत, उणे 2,884.

एक लॉट 100 पिंपांचा. संध्याकाळचा 965 आणि रात्रीचा उणे 2,884, फरक 3,849 चा. लॉटमागे 3,84,900 रुपये.

आता मार्जिनकडे पाहा. संध्याकाळी त्या लॉटची पूर्ण किंमतच होती 96,500. समजा एखाद्याने मार्जिन म्हणून शंभर टक्के, म्हणजे मालाची पूर्ण किंमत भरली असती, तरी त्याच्यावर 2,88,400 ची मागणी निघाली असती. मार्जिनचं सगळं गणित भाव फार तर शून्यावर येईल असं धरून मांडलेलं होतं. आणि पाचनंतर सात तास, भाव कोसळताना पाहूनही, एमसीएक्सवर सौदा कापायला दारच उघडं नव्हतं.

एमसीएक्सने आधी 1 रुपया हा तात्पुरता भाव लावला, मग उणे 2,884 कायम केला. ग्राहकांकडून पैसे येवोत न येवोत, ब्रोकरांना ते भरायचे होतेच, आणि वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. कारण या खात्यात एकाच्या नावे पडलेला प्रत्येक रुपया त्याच हिशेबात दुसऱ्याच्या नावे जमा होतो. त्या रात्री लॉट विकून बसलेल्यांच्या खात्यावर लॉटमागे तेच 3,84,900 जमा व्हायचे होते.