शितावरून भाताची परीक्षा

मुळशीच्या धरणावर आषाढांतल्या रात्रीं वीज चमकते, तेव्हां क्षणार्धांत सारा देखावा डोळ्यांपुढें उभा राहतो. पाण्याचा विस्तार, पलीकडच्या डोंगरांची रांग, कांठावरचीं झाडें, वाटेंत भिजत उभें असलेलें एखादें गुरूं. आणि लगेच पुन्हां काळोख. अशा वेळीं ओटीवर बसलेल्या मंडळींना विचारावें कीं, काय काय दिसलें? प्रत्येकजण चार गोष्टी सांगतो, मग अडखळतो, आणि वर असेंही म्हणतो कीं, "दिसलें पुष्कळ होतें, पण सांगूं जावें तों नाहींसें झालें." हें बोलणें खरें मानावें, कीं न सांगतां येण्याची ती एक सबब समजावी?

प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. पण त्याचा निकाल लावणें फार अवघड आहे. मनुष्यानें किती पाहिलें हें जाणण्याचें साधन म्हणजे त्यानें किती सांगितलें हेंच. आणि तो तर म्हणतो कीं, मला सांगतां आलें त्याहून अधिक मीं पाहिलें. जें सांगतां येत नाहीं तें मोजावें कसें? ही कोंडी अमेरिकेंतील जॉर्ज स्पर्लिंग या मानसशास्त्रज्ञांनीं फोडली. हार्वर्ड विद्यापीठांतील आपल्या अभ्यासाच्या काळांत त्यांनीं केलेले प्रयोग १९६० सालीं प्रसिद्ध झाले. त्यांनीं योजलेली युक्ति आपल्या घरांतील प्रत्येक सुगृहिणीस ठाऊक आहे, हें पुढें दिसून येईल.

प्रयोगाची मांडणी अशी. ठराविक सूक्ष्म काळच चित्र दाखविणारें एक यंत्र असतें. त्यास टॅकिस्टोस्कोप म्हणतात. त्यांत अक्षरांचा तक्ता ठेवून तो सेकंदाचा विसावा भाग एवढाच वेळ दाखवावयाचा. इतक्या वेळांत दृष्टि एका जागेवरून दुसरीकडे वळविण्यासही अवसर मिळत नाहीं. अक्षरें इंग्रजी होतीं आणि त्यांतून स्वर वगळलेले होते. कारण स्वर आले कीं अक्षरें जुळून शब्द होतात, आणि शब्द लक्षांत ठेवणें सोपें जातें. आपल्या लिपींत तर प्रत्येक व्यंजनांत अकार असतोच, म्हणून येथें अधिकच जपावें लागेल. उदाहरणार्थ, पुढील तक्ता पाहावा:

ट ध ल ब
ख ज ढ म
ण ठ र प

तक्ता दिसला, मावळला, आणि मग पाहणारानें आठवतील तितकीं अक्षरें लिहावयाचीं. यास आपण पूर्णकथन म्हणूं. या रीतीनें सरासरी चारांहून किंचित् अधिक अक्षरें बरोबर येत. तक्त्यावर सहा अक्षरें असोत, नऊ असोत कीं बारा असोत, आंकडा तोच. तक्ता दाखविण्याचा वेळ थोडाफार वाढविला तरीही त्यांत फारसा फरक पडेना. एवढ्यावरून कोणीही म्हटलें असतें कीं, मनुष्यास एका दृष्टिक्षेपांत चारच अक्षरें दिसतात. परंतु पाहणारे आग्रहानें सांगत कीं, आम्हांला सगळा तक्ता दिसला होता. पहिलीं चार लिहीपर्यंत बाकीचीं विरून गेलीं.

आतां युक्ति पाहा. भात शिजला कीं नाहीं हें पाहण्यासाठीं कोणी सगळें भांडें उपसून पाहत नाहीं. मधूनच एक शीत काढून तें बोटांनीं दाबतात. स्पर्लिंग यांनीं तेंच केलें. सर्व अक्षरें विचारावयाचींच नाहींत. एकच ओळ विचारावयाची. पण कोणती ओळ विचारणार हें पाहणारास आधीं कळतां कामा नये. यासाठीं तक्ता मावळतांच एक स्वर वाजवीत. उंच स्वर आला तर वरची ओळ, मधला आला तर मधली, खालचा आला तर खालची. पाहणारास असें सांगितलें होतें कीं, स्वर ऐकल्यावर त्या ओळींतील तेवढीं अक्षरें लिहावीं.

समजा, वरच्या तक्त्यानंतर खालचा स्वर वाजला, आणि पाहणारानें 'ण ठ र' एवढीं अक्षरें लिहिलीं. म्हणजे चारांपैकीं तीन. बारा अक्षरांच्या तक्त्यावर अशींच सरासरी चारांतलीं तीन अक्षरें बरोबर आलीं. स्वर वाजला त्या वेळीं तक्ता नाहींसा झालेला होता. कोणती ओळ विचारली जाईल हें त्यास माहीत नव्हतें. तेव्हां वरच्या किंवा मधल्या ओळीचा स्वर वाजला असता, तरीही त्यानें तीनच्या आसपास अक्षरें सांगितलीं असतीं. अर्थात् प्रत्येक ओळींतील तीन याप्रमाणें तिन्ही ओळी मिळून बारांपैकीं नऊ अक्षरें त्या क्षणीं त्याच्यापाशीं होतीं. पूर्णकथनांत मात्र चारच उतरत होतीं. तात्पर्य, "दिसलें पुष्कळ" हें म्हणणें सबब नव्हतें. त्याला आंकड्याचा आधार मिळाला. या दुसऱ्या रीतीस अंशकथन म्हणावें.

शिताच्या परीक्षेंत एक धोका असतो. भांडें नीट ढवळलेलें नसेल, तर वरचें शीत शिजलेलें आणि तळचें कच्चें, असें होतें. येथेंही पाहणारा मनाशीं अंदाज बांधून एका ओळीवरच लक्ष रोखून बसला, तर त्या ओळींत त्याला भरपूर यश येईल, पण इतर ओळींत तो सपशेल चुकेल. म्हणून तिन्ही ओळींचे गुण निरनिराळे मांडून पाहावे लागतात. ते जवळजवळ सारखे असतील, तरच तिनानें गुणणें न्याय्य ठरतें. स्वर तक्त्याबरोबर लागलाच वाजत असतांना पाहणारे सावधपणें वाट पाहत. पण तो उशिरां येणार असें कळलें, म्हणजे कांहीजण अंदाजाकडे वळत, हें स्पर्लिंग यांच्याही ध्यानांत आलें होतें.

हा उशीर किती चालतो, हीच पुढची परीक्षा. तक्ता मावळल्यावर स्वर वाजविण्यास थोडाथोडा विलंब लावीत गेलें, तसतसा अंशकथनाचा लाभ घटत गेला. अर्ध्या सेकंदाच्या विलंबानें तो अगदीं थोडा उरला. आणि एका सेकंदानंतर अंशकथन व पूर्णकथन यांत म्हणण्यासारखा भेदच राहिला नाहीं. म्हणजे नऊ अक्षरांचा तो ठेवा एका सेकंदाच्या आंत विरून जातो. एक अक्षर ओळखून त्याचें नांव मनाशीं धरावयास कांहीं वेळ लागतोच. चार नांवें धरून होतात न होतात तों मागची प्रतिमा उडून गेलेली असते. गळती पाहण्यांत नाहीं. पाहिलेलें नांवांत उतरवितांना ती होते. ऊलरिक नाय्सर यांनीं १९६७ सालच्या आपल्या ग्रंथांत या क्षणिक ठेव्यास जें नांव दिलें, त्यास आपण प्रतिमास्मृति म्हणूं.

हा ठेवा कोणत्या जातीचा आहे, हेंही त्याच प्रयोगांतून कळलें. अक्षरें व आंकडे मिसळून तक्ता केला, आणि स्वरावरून "फक्त आंकडे सांगा" किंवा "फक्त अक्षरें सांगा" अशी खूण ठरविली, तेव्हां अंशकथनाचा लाभ जवळजवळ मिळालाच नाहीं. "वरची ओळ" या खुणेनें निवड होते, "आंकडे" या खुणेनें होत नाहीं. कारण अमुक खूण आंकडा आहे हें समजण्यास ती आधीं ओळखावी लागते, आणि ओळखण्यापर्यंत तर मजल गेलेलीच नसते. प्रतिमेंत जागा असते. अर्थ अजून नसतो. शिवाय ही प्रतिमा मागून येणाऱ्या दृश्यानें पुसली जाते. तक्त्यानंतर प्रखर उजेड दाखविला तर ती लवकर जाते. काळोख ठेवला तर ती कितीतरी अधिक टिकते. विजेनंतरच्या काळोखांत देखावा डोळ्यांपुढें रेंगाळल्यासारखा वाटतो, याचें एक कारण हें असावें.

संस्कृत जाणणाऱ्या वाचकांस येथें अलातचक्राची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. जळतें कोलीत गरगर फिरविलें कीं अग्नीचें अखंड वर्तुळ दिसतें. न्यायसूत्रांत हा दृष्टांत आला आहे. मन अणु असल्यामुळें एका वेळीं एकच ज्ञान होतें. अनेक ज्ञानें एकदम होत आहेत असें वाटतें, तें मनाच्या शीघ्र संचारामुळें, असें नैयायिकांचें म्हणणें. युरोपांत १७६५ सालीं शेव्हालिये दार्सी यांनीं निखारा चाकाला बांधून फिरविला आणि वर्तुळ पुरें दिसण्यास एक फेरा सेकंदाच्या सुमारें आठव्या भागांत व्हावा लागतो असें मोजलें. म्हणून स्पर्लिंग यांचा शोध आपल्याकडे पूर्वींच लागला होता असें मात्र म्हणूं नये. कोलिताचें वर्तुळ हें प्रकाशाचें डोळ्यांत टिकणें होय. अक्षरांचा ठेवा ही माहितीचें टिकणें होय. या दोन गोष्टी सारख्या नियमांनीं चालत नाहींत, हें मॅक्स कोल्टहार्ट यांनीं १९८० सालीं साधार दाखवून दिलें आहे. मिळतीजुळती गोष्ट एवढीच कीं, ओळखीची वाट अरुंद असते, हें दोन्हीकडे मानलेलें आहे.

कानाचाही असाच ठेवा आहे. वाचनांत गढलेल्या माणसास कोणी कांहीं विचारतें, तो "काय म्हणालां?" असें विचारतो, आणि उत्तर येण्यापूर्वींच त्याला पहिलें वाक्य मनांत ऐकूं येतें. डार्विन, टर्व्ही व क्राउडर या तिघांनीं १९७२ सालीं याची परीक्षा केली. डावीकडून, उजवीकडून व मधून असे तीन आवाज एकाच वेळीं ऐकवावयाचे आणि प्रत्येकांत तीन अक्षरें वा आंकडे. मग कोणत्या बाजूचे सांगावयाचे याची खूण डोळ्यांना दाखवावयाची. येथेंही अंशकथनाचा लाभ झाला, पण तो थोडका. पूर्णकथनांत नवांपैकीं चारांहून किंचित् अधिक, तर अंशकथनाच्या हिशोबानें पांचांच्या आसपास. मात्र हा लाभ जवळजवळ चार सेकंदांपर्यंत टिकला. डोळ्याचा ठेवा मोठा पण क्षणभंगुर, कानाचा लहान पण जरा चिवट. वाक्याचा शेवट येईपर्यंत त्याचा आरंभ टिकून राहावयास हवा, हें ध्यानांत घेतलें म्हणजे कानाचा हा चिवटपणा किती उपयोगाचा आहे हें कळतें.

या प्रयोगांचा अर्थ ओढूनताणून लावूं नये. नेमक्या प्रश्नानें अधिक उत्तर मिळालें, तें प्रश्न सेकंदाच्या आंत आला म्हणून. रात्रीं आडवी गेलेली गाडी पाहणारास दुसरे दिवशीं "निदान क्रमांकाचा पहिला आंकडा तरी सांगा" असें कितीही खोदून विचारलें, तरी ती प्रतिमा परत येणें नाहीं. आग्रह वाढला, तर उत्तर अंदाजानें भरलें जाईल. उलटपक्षीं, त्यानें फारच थोडें सांगितलें म्हणून त्यानें नीट पाहिलेंच नाहीं, असाही निष्कर्ष निघत नाहीं. घरांतील मुलगा फळ्यावरील अनोळखी अक्षरें उतरून घेतांना तीन-चार अक्षरांमागें एकदा मान वर करतो, तें मंदपणामुळें नव्हे. प्रयोगांतील शिकलेल्या, सरावलेल्या प्रौढ माणसांच्या हातींही एका दृष्टिक्षेपांतून तेवढींच अक्षरें लागलीं होतीं.